‘मुलांनी छान प्रतिसाद दिला’

बी.एड.च्या दुसऱ्या वर्षी परळच्या एका मराठी शाळेत माझा शालेय अनुभव चालू होता. पाचवीचा वर्ग, गणित, विषय दशांश अपूर्णांकांची तुलना. पाठ संपल्यावर मी दैनंदिनीत लिहिलं, ‘पाठ टाचणानुसार पूर्ण झाला. मुलांनी छान प्रतिसाद दिला. आत्मविश्वास वाढला.’ मागच्या अकरा पाठांच्या नोंदीही साधारण अशाच होत्या.

वर्गाच्या बाईंनी ते वाचलं आणि विचारलं, “छान म्हणजे कोण, काय बोललं?” मला मागच्या बाकांवरच्या एकाचंही वाक्य आठवेना. त्या आणखी काही बोलल्या नाहीत. मधल्या सुट्टीनंतर त्यांनी फळ्यावर ०.२५ आणि ०.७ या दोनच संख्या लिहिल्या आणि मोठी कोणती, ते कारणासह चिठ्ठीवर लिहायला सांगितलं. वर्गात ३६ मुलं हजर होती. २२ जणांनी ०.२५ लिहिलं. जवळजवळ सगळ्यांचं कारण एकच, २५ हे ७ पेक्षा मोठे.

त्या दिवशी घरी जायच्या आधी शिक्षक खोलीत बसून मी पहिली खरी नोंद लिहिली. ट्रेनमध्ये लिहीन असं नेहमी ठरवायचे, पण संध्याकाळी दादरला उभं राहायला जागा मिळाली तरी पुष्कळ, आणि घरी पोचेपर्यंत मुलांचे शब्द विरून माझेच शब्द उरायचे.

कॉलेजने अनुभवावर चिंतन करण्यासाठी ग्रॅहम गिब्ज यांचं १९८८ चं चक्र शिकवलं होतं: काय घडलं, काय वाटलं, काय जमलं-फसलं, का, यातून काय कळलं, पुढे काय करणार. आमच्या वहीत त्याचे सहा रकाने छापलेले होते आणि मी प्रत्येकात एकेक ओळ भरत असे. खरं तर ‘काय वाटलं’वरून थेट ‘पुढे काय’वर उडी मारायचे. वाईट वाटलं, पुढच्या वेळी जास्त सराव घेईन. मधला ‘का’ रिकामाच.

या वेळी ‘काय घडलं’मध्ये अख्खा पाठ न लिहिता फक्त तुलनेची पाच मिनिटं लिहिली. मी फळ्यावर दिलेल्या जोड्या जशाच्या तशा उतरवल्या: ४.७५ आणि ४.३, ०.६२ आणि ०.५, २.३८ आणि २.१. ‘काय वाटलं’मध्ये एकच वाक्य, बाईंसमोर लाज वाटली. तेवढं पुरे होतं, कारण त्या लाजेपोटीच मी मुलांना ‘दुर्लक्ष करतात’ म्हणायला निघाले होते, हे लिहिताना दिसलं.

मग जोड्यांकडे पाहत बसले. तिन्हींमध्ये जास्त अंकांची संख्याच मोठी होती! म्हणजे ‘अंक जास्त ती संख्या मोठी’ हा चुकीचा नियम वापरूनही मुलांना पूर्ण गुण मिळत होते. मला मिळालेली बरोबर उत्तरं समज दाखवतच नव्हती. दुसरं कारण माझ्या तोंडातलं. मी ०.२५ सरसकट ‘शून्य पॉइंट पंचवीस’ वाचत होते. कानावर पंचवीस आणि सात पडल्यावर मुलं दुसरं काय करणार? ‘दोन दशांश पाच शतांश’ म्हटलं असतं तर निदान तुलना दशांशापासून सुरू झाली असती. (पैशांमुळे ही सवय आणखी पक्की होते. ०.२५ रुपये म्हणजे पंचवीस पैसे, म्हणून ०.७ म्हणजे सात पैसे असं मुलांना वाटतं.)

‘पुढे काय’मध्ये ‘जास्त सराव’ खोडून तपासता येईल असं लिहिलं: गुरुवारी शंभर चौकटींच्या कागदावर ०.७ आणि ०.२५ रंगवून घेईन, वाचन दशांश-शतांश असंच करीन, आणि शेवटी ०.२५–०.७ सारखी एक आणि ०.६२–०.५ सारखी एक जोडी देईन. दोन्ही बरोबर आल्या तरच समजलं म्हणायचं.

गुरुवारी सात उभ्या पट्ट्या रंगवताना एक मुलगा स्वतःशीच पुटपुटला, “हे तर सत्तर झाले.” ते तिथल्या तिथे तळहातावर लिहून घेतलं. शेवटच्या चिठ्ठ्यांत ३६ पैकी २९ जणांच्या दोन्ही जोड्या बरोबर होत्या. चार जण अजून पंचवीसवरच अडले होते.

उरलेल्या तिघांनी मात्र ०.७ बरोबर ओळखलं आणि ०.६२ पेक्षा ०.५ मोठी लिहिली. आधीची जोडी एकटी दिली असती तर हे तिघं ‘समजलेल्यांत’ गेले असते. एकीला जवळ बोलावून विचारलं. ती म्हणाली, “बाई, शतांश दशांशापेक्षा लहान असतो ना? मग शतांशवाली संख्या लहान.”

तिचं वाक्य ‘काय घडलं’च्या रकान्यात शब्दशः लिहिलं. ‘का’समोर लिहिलं: दशांश-शतांश असं वाचायला मीच शिकवलं, पण किती दशांश आणि किती शतांश, ते एकत्र मोजायला शिकवलं नाही.