डुप्लिकेटच्या चेहऱ्यावर नटाचा चेहरा, पण त्वचा जिवंत ठेवून

अंधेरीच्या एका पोस्ट-प्रॉडक्शन स्टुडिओत मी काँपोझिटिंग करतो, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका फ्रेममध्ये बेमालूम जोडतो. एका मराठी वेबमालिकेत पोलीस इन्स्पेक्टरचा पाठलाग होता. धावणं आणि भिंतीवरून उडी हे सगळं डुप्लिकेटने केलं होतं. दिग्दर्शिकेला मात्र कॅमेरा पाठीमागे नको होता, उडीनंतर थेट चेहऱ्यासमोर हवा होता. नट आणि डुप्लिकेट दोघांनीही लेखी परवानगी दिली होती, त्यामुळे चेहरा बदलण्याचं काम माझ्याकडे आलं.

फेस स्वॅपचा पहिला निकाल ओळखीच्या दृष्टीने उत्तम होता. नट लगेच ओळखू येत होता. पण दिग्दर्शिका पडद्याकडे बघून म्हणाल्या, "मानेखाली माणूस आहे, वर मेणाचा पुतळा." त्यांचं बरोबर होतं. चेहरा बदलणारं आमचं एआय मॉडेल 256 पिक्सेलचा चौकोन तयार करत होतं आणि 4K फ्रेममध्ये तो साधारण 1000 पिक्सेल जागा व्यापत होता. म्हणजे मॉडेलचा एक पिक्सेल फ्रेममध्ये चार पिक्सेलांवर ताणला जातो. एवढ्या मोठ्या चेहऱ्यात एक मिलिमीटर त्वचेला जेमतेम पाच पिक्सेल मिळतात आणि रंध्र त्याहून बारीक असतं. ते मॉडेलच्या निकालात येणं शक्यच नव्हतं. चेहरा धारदार करणारा एन्हान्सर लावला, तर तो रंध्रं कल्पनेने काढतो आणि दर फ्रेमला नव्याने काढतो. स्थिर चित्रात ती खरी वाटतात, शॉट चालवला की गालावर काहीतरी सरपटत असल्यासारखं दिसतं.

खरी त्वचा तर आमच्याकडे होतीच, मूळ प्लेटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रात. डुप्लिकेटच्या गालावरची रंध्रं त्याच प्रकाशात, त्याच लेन्सने, त्याच हालचालीसह चित्रित झाली होती. तेव्हा चेहऱ्याचे दोन थर करायचे ठरवलं. खालचा थर म्हणजे आकार, रंग, सावल्या. तो स्वॅपमधून घ्यायचा. वरचा थर म्हणजे बारीक पोत. तो प्लेटमधून घ्यायचा.

```
पोत   = प्लेट − ब्लर(प्लेट)
निकाल = ब्लर(स्वॅप) + पोत
```

दोन्हीकडे ब्लर एकच, त्याच त्रिज्येचा. स्वॅपलाही ब्लर करावंच लागतं, कारण त्यात असलेला खोटा पोत आधी पुसला पाहिजे. नाहीतर दोन पोत एकावर एक चढतात.

सगळा प्रश्न त्रिज्येचा होता. गॉशियन ब्लर एका ठरावीक मापावर कापत नाही, हळूहळू ओसरत जातो. त्याची त्रिज्या ठरवणारा आकडा म्हणजे सिग्मा. तो 3 पिक्सेल ठेवला, तर सुमारे 16 पिक्सेल लांबीच्या लाटेची, म्हणजे उजेड-अंधाराच्या चढउताराची, ताकद निम्मी होते. त्याहून बारीक ते बहुतेक वरच्या थरात जातं, त्याहून मोठं खालच्या थरात राहतं. मॉडेल कागदोपत्री 8 पिक्सेलची लाट दाखवू शकतं, पण प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट मापापर्यंत सगळं धूसरच असतं. म्हणून आमच्या शॉटला 3 बसला. चेहरा फ्रेममध्ये निम्मा असता, तर सिग्माही निम्मा लागला असता. दुसऱ्या शॉटचा आकडा उचलून इथे चालत नाही.

त्रिज्या बरोबर आहे का हे कळायची एक खात्रीची खूण आहे. फक्त पोताचा थर मध्यम करड्या रंगावर ठेवून बघायचा. नुसती खरखर, रंध्रं, आणि ग्रेन म्हणजे चित्रातले बारीक दाणे दिसले तर ठीक. चेहरा कोणाचा आहे हे त्यात ओळखू आलं, तर त्रिज्या जास्त झाली. सिग्मा 10 ला मला त्या थरात डुप्लिकेट स्पष्ट दिसत होता: त्याची दाढीची खुंटं, ओठांची कड, हनुवटीवरचा व्रण. हे सगळं नटाच्या चेहऱ्यावर उमटलं असतं.

वजाबाकी कुठल्या प्रकाश-मापनात करायची हेही ठरवावं लागलं. आमची प्लेट लिनिअर ईएक्सआर फाइलमध्ये होती, म्हणजे पिक्सेलचा आकडा थेट प्रकाशाच्या प्रमाणात होता. लिनिअरमध्ये पोताची ताकद त्या जागेच्या उजेडावर अवलंबून असते. डुप्लिकेटच्या गालावर ऊन होतं आणि स्वॅपमध्ये तीच जागा किंचित सावलीत गेली होती, तिथे रंध्रं देवीच्या खड्ड्यांसारखी दिसू लागली. दोन्ही चित्रं आधी लॉगमध्ये, म्हणजे लॉगॅरिदमच्या मापात, नेली, तिथे वजाबाकी-बेरीज केली आणि मग परत आणली. लॉगमधली वजाबाकी म्हणजे प्रकाशातलं गुणोत्तर, त्यामुळे पोत त्या जागेच्या उजेडाशी आपोआप जुळतो.

डोळे, भुवया, नाकपुड्या आणि ओठ यांना हा उपाय लावायचा नाही. तिथे कडा असतात, आणि डुप्लिकेटची कड नटाच्या कडेपासून दोन-तीन पिक्सेल सरकलेली असली तरी दुहेरी रेघ दिसते. नाकापासून ओठाकडे येणाऱ्या घडीचंही तेच झालं, हसताना दोन घड्या पडल्या. म्हणून त्या भागांचा मास्क रोटो करून, म्हणजे फ्रेमगणिक हाताने आखून, तिथे स्वॅप जसाच्या तसा ठेवला आणि कडा मऊ केल्या. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी लागते: बाकी चेहऱ्यावर प्लेटचा ग्रेन पोताबरोबर येतो, पण मास्कमधल्या भागात येत नाही. तिथे तो वेगळा घालावा लागतो, नाहीतर डोळे व्हिडिओतून कापून चिकटवल्यासारखे दिसतात.

पोताची ताकद ठरवताना मेकअप दादांना बोलावलं, आणि ते फार उपयोगी पडलं. नटाच्या चेहऱ्यावर ते वर्षानुवर्षं हात ठेवत आलेत. बघताक्षणी म्हणाले, "साहेबांचं कपाळ एवढं खरबरीत नाही रे, पण नाकाशेजारी गालावर छिद्रं याच्यापेक्षा मोठी आहेत." मग कपाळावर पोत 0.7 ने गुणला, नाकाशेजारी 1.15 ने. मान डुप्लिकेटचीच होती, त्यामुळे जबड्याजवळ गुणक 1 वर आणून सोडला. मोठी छिद्रं गुणकाने तयार होत नाहीत, आहेत तीच ठळक होतात. पण या अंतरावरून दादांचं समाधान झालं.

सगळ्यात जास्त वेळ घामाने घेतला. मे महिन्यातलं मुंबईतलं चित्रीकरण, धावून आलेला माणूस, कपाळावर आणि वरच्या ओठावर थेंबच थेंब. मॉडेलने ते सगळे गिळले होते. एकेक थेंब दहा-पंधरा पिक्सेलचा, म्हणजे बरोबर आमच्या सीमारेषेवर. त्याची चमक पोतात आली, पण त्याचा मोठा उजळ भाग स्वॅपच्या खालच्या थरात नव्हताच. परिणामी प्रत्येक थेंबाभोवती काळसर कडं दिसू लागलं. त्रिज्या वाढवली तर डुप्लिकेट परत डोकावतो. शेवटी थेंबांचा वेगळा मास्क केला आणि फक्त त्या जागी सिग्मा 12 ने काढलेला पोत वापरला. कपाळावर ओळख सांगणारं फारसं काही नसतं, म्हणून तिथे मोठी त्रिज्या खपून गेली. वरच्या ओठावर ती चालेना, मिशीची कड मध्ये येत होती. तिथले थेंब एकेक रंगवून काढले.

जलद हालचालीच्या फ्रेममध्ये काहीच करावं लागलं नाही. मोशन ब्लरमध्ये प्लेटचा पोत स्वतःच विरतो, म्हणून निकालातही विरला.

डुप्लिकेट मान पूर्ण वळवतो तिथल्या काही फ्रेम मात्र जमल्या नाहीत. तिथे स्वॅपचा खालचा थरच घसरला होता, नाकाचा आकार बदलत होता, आणि चुकीच्या आकारावर खरी त्वचा घातली की चूक उलट जास्त खरी दिसते. दिग्दर्शिकेला दोन्ही थर वेगवेगळे दाखवले. त्यांनी एडिटर ताईंशी बोलून तेवढा तुकडा लांबून घेतलेल्या शॉटमध्ये बदलला.