म्युच्युअल फंडांची शीट: शार्प रेशोचा कॉलम तयार

शीटमध्ये आता परताव्याच्या शेजारी शार्प रेशोही दिसतो. बिनजोखमीच्या दरापेक्षा जितका जास्त परतावा मिळाला, त्याला चढउताराने, म्हणजे प्रमाण विचलनाने, भागलं की हा रेशो येतो. अ‍ॅम्फीच्या साइटवरून डायरेक्ट-ग्रोथच्या महिनाअखेरच्या ६१ एनएव्ही B2 पासून खाली उतरवल्या, म्हणजे D3 पासून ६० मासिक परतावे मिळतात. ग्रोथच घ्यायचा, कारण अधूनमधून पैसे वाटणाऱ्या आयडीसीडब्ल्यू पर्यायात वाटप झालं की एनएव्ही तेवढी उतरते आणि शीट त्याला तोटा समजते. E मध्ये बिनजोखमीचा दर म्हणून सरकारच्या ९१ दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा वार्षिक दर भागिले १२.

```
=(AVERAGE(D3:D62)-AVERAGE(E3:E62))/STDEV.S(D3:D62)*SQRT(12)
```

शेवटचा SQRT(12) वगळू नका. वार्षिक आकडा काढताना सरासरी १२ ने वाढते, पण चढउतार १२ च्या वर्गमुळानेच वाढतो. दोन्हींना १२ ने गुणलं, तर फंड आहे त्यापेक्षा कितीतरी बेभरवशाचा वाटतो.

आता हा कॉलम काय सांगतो ते पाहू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. फंड 'अ' चा सरासरी वार्षिक परतावा १५ टक्के, प्रमाण विचलन २२. फंड 'ब' चा परतावा १३.५, विचलन १४. बिनजोखमीचा दर ६.५ धरला, तर 'अ' चा रेशो ८.५ भागिले २२, म्हणजे ०.३९ येतो आणि 'ब' चा ७ भागिले १४, म्हणजे ०.५०.

नुसत्या रेशोवरून फरक नीट लक्षात येत नाही, म्हणून दोघांना एकाच जोखमीवर आणायचं. 'अ' चे हेलकावे १४ वर आणायचे तर त्यात ६४ टक्केच पैसे ठेवून उरलेले ३६ टक्के ट्रेझरी बिलात घालावे लागतात. तसं केलं की मिळतात सुमारे ११.९ टक्के. तेवढ्याच हेलकाव्यांत 'ब' १३.५ देतो. दीड टक्क्याने मागे असलेला फंड इथे १.६ टक्क्यांनी पुढे निघतो.

रेशो उणे आला की तो तुलनेला वापरू नका. दोन फंड बिलापेक्षा ४ टक्क्यांनी मागे असतील आणि विचलन १० व २० असेल, तर रेशो उणे ०.४ आणि उणे ०.२ येतो, म्हणजे जास्त हेलकावणारा फंडच सरस दिसतो. कालावधीही तपासा. २०२० च्या जानेवारीतल्या उच्चांकापासून मार्चच्या तळापर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. अशी एकही पडझड तुमच्या ६० महिन्यांत नसेल, तर विचलन खऱ्यापेक्षा कमी भरतं. सेबीच्या ऑक्टोबर २०१७ च्या वर्गवारीनंतर बऱ्याच योजनांचं स्वरूप बदललं, त्यामुळे त्याआधीची एनएव्ही जोडणं आम्ही टाळतो.

एका बाबतीत मात्र 'अ' घेणं पटण्यासारखं आहे. २२ टक्क्यांची जोखीम हवीच असेल, तर 'ब' ला तिथवर न्यायला कर्ज काढून गुंतवावं लागेल आणि ते ६.५ टक्क्यांनी कोणी देत नाही.