महामार्गाच्या अलीकडे आणि पलीकडे: एका गावाची लोकसंख्या दोन प्रभागांत वाटताना

पुणे महापालिकेच्या हद्दीत 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावे आली. त्यानंतरच्या प्रभागरचनेत यांतील काही गावे एका प्रभागात अखंड राहिली, तर काही गावांवरून प्रभागाची रेषा आरपार गेली. प्रभागाची एकूण लोकसंख्या रचनेसोबत प्रसिद्ध होते, त्यामुळे तेवढाच आकडा हवा असेल तर काही हिशेब करण्याची गरज नसते. आम्हाला मात्र अंगणवाड्यांच्या एका अभ्यासासाठी 0 ते 6 वयोगटातील मुलांची प्रभागनिहाय संख्या हवी होती, आणि तो आकडा 2011 च्या जनगणनेत गावाच्या पातळीवरच हाताशी होता. दुभागलेल्या गावाची मुले दोन प्रभागांत कशी वाटायची, या प्रश्नापायी नोव्हेंबरातील एका शनिवारी कात्रजच्या डोंगरउतारावरील एका गावात जाणे झाले. प्रभागसीमेवरून तेथे अजून कुरबुरी चालू आहेत, म्हणून गावाचे नाव देत नाही. आकडेही ताळा करणे सोपे जावे म्हणून सोयीचे पूर्णांक केले आहेत.

निघण्यापूर्वीचे काम टेबलावरचे होते. गावाचे क्षेत्र 400 हेक्टर आणि 2011 ची लोकसंख्या 3,000 धरू. प्रभागाची रेषा महामार्गावरून जाते; तिच्या उत्तरेला 120 आणि दक्षिणेला 280 हेक्टर जमीन पडते. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करायची म्हणजे गावाची लोकसंख्या सर्व जमिनीवर सारखी पसरली आहे असे मानायचे, आणि ज्या तुकड्यात जेवढी जमीन तेवढी माणसे द्यायची. त्यानुसार उत्तरेला 900 आणि दक्षिणेला 2,100 माणसे येतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीमध्ये यासाठी गावांचा आणि प्रभागांचा असे दोन्ही थर मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात (पुण्यासाठी EPSG:32643) आणावेत, गावांच्या थरात गावाचे पूर्ण क्षेत्र एका रकान्यात आधी लिहून घ्यावे, मग एका थराने दुसऱ्याचे तुकडे पाडणारे Intersection चालवून प्रत्येक तुकड्यासाठी पुढील सूत्र वापरावे, ज्यात `TOT_P` म्हणजे गावाची एकूण लोकसंख्या आणि `gav_area` म्हणजे आधी लिहून घेतलेले पूर्ण क्षेत्र:

```
"TOT_P" * $area / "gav_area"
```

मी पहिल्या खेपेस `gav_area` हा रकाना तुकडे पाडल्यानंतर भरला. प्रत्येक तुकड्याला स्वतःच्याच क्षेत्राने भागले गेले, दोन्ही तुकड्यांचा भार 1 आला आणि 3,000 च्या गावात 6,000 माणसे झाली. चूक लक्षात आली ती केवळ तुकड्यांची बेरीज गावनिहाय करून मूळ आकड्याशी ताडून पाहिल्यामुळे. ही बेरीज जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. दुसरी, अधिक लपून राहणारी चूक म्हणजे भाजक म्हणून नकाशावर मोजलेले क्षेत्र न घेता गावाच्या माहितीतील नोंदलेले क्षेत्र घेणे. ही दोन क्षेत्रे क्वचितच तंतोतंत जुळतात, आणि ती वेगळी असली की काही माणसे हवेत विरतात किंवा कोठून तरी जास्तीची येतात.

बेरीज जुळली म्हणून वाटणी बरोबर झाली असे मात्र अजिबात नाही. पद्धतच अशी आहे की बेरीज जुळणारच. उत्तरेच्या तुकड्याला जितकी माणसे कमी मिळतील, नेमकी तितकीच दक्षिणेला जास्त मिळतील. ताळा हिशेबातील चूक पकडतो, गृहीतकातील चूक पकडत नाही. ती पकडण्यासाठीच आम्ही निघालो.

कात्रजहून पहिल्या बसने गेलो आणि गावठाणात उतरलो. पूर्वी ग्रामपंचायतीत काम केलेले एक काका सोबत यायला तयार झाले होते. त्यांच्यासमोर नकाशा उलगडला आणि दक्षिणेकडचा मोठा तुकडा दाखवून तेथे 2,100 माणसे राहतात असे आमचे गणित सांगते, असे मी म्हणालो. काकांनी नकाशा न पाहता आधी माझ्याकडे पाहिले. "तिकडं कोण राहतंय साहेब? ते समदं फॉरेस्ट हाय. आन् खाली तळं."

गावठाण, जुनी आळी, शाळा, दोन मोठ्या वाड्या, सगळे महामार्गाच्या उत्तरेस होते. दक्षिणेला जाण्यासाठी महामार्ग सरळ ओलांडता येत नाही. भुयारी मार्गापर्यंत दीड किलोमीटर चालत जाऊन तेवढेच परत यावे लागते. (पुढे जाणाऱ्यांनी या फेऱ्याचा वेळ धरूनच बेत आखावा, आमचा अर्धा दिवस यातच गेला.) पलीकडे चढ सुरू होतो आणि त्यातील 170 हेक्टर वनजमीन आणि 10 हेक्टर तलाव आहे. येथे वस्ती शून्य धरायला हरकत नाही, हे डोळ्यांनी पाहून घेतले.

त्या रात्री ही 180 हेक्टर जमीन वगळून पुन्हा वाटणी केली. आता उत्तरेला 120 आणि दक्षिणेला 100 अशी 220 हेक्टर राहण्याजोगी जमीन उरली, आणि त्याच 3,000 माणसांपैकी उत्तरेला 1,636 व दक्षिणेला 1,364 आली. एका गावाबाबत तासाभराच्या कामाने आकडा इतका हलत असेल, तर हे वगळणे टाळण्याला सबब नाही. तरीही मला हा आकडा पटत नव्हता, कारण उरलेल्या 100 हेक्टरांपैकी बहुतेक भाग शेत आणि माळ होता, तर उत्तरेचे 120 हेक्टर घरांनी भरलेले.

म्हणून दुसऱ्या दिवशी छपरांकडे वळलो. गूगल अर्थवर जुन्या तारखांची उपग्रह-चित्रे पाहता येतात. त्यातील 2011 च्या जवळात जवळचे चित्र घेऊन उत्तरेला 480 आणि दक्षिणेला 150 छपरे मोजली होती. आजचे चित्र येथे वापरू नये. महामार्गालगत आता दहा-बारा मजली इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या भरवशावर 1 मार्च 2011 ची लोकसंख्या वाटली, तर तेव्हा जी घरेच नव्हती त्यांत माणसे बसवल्यासारखे होईल.

दक्षिणेची 150 छपरे एकेक करून पाहायची ठरवली, आणि येथेच या फेरीची खरी कमाई झाली. लांबट, एकाला एक समांतर अशी जी छपरे मला चाळी वाटली होती, ती पोल्ट्रीची शेड निघाली; काही गोदामेही होती. अशी 42 छपरे वजा केली. उलट ओढ्याच्या काठी आंब्याच्या झाडांखाली 12 घरांची एक वस्ती होती, जी चित्रात दिसणे शक्यच नव्हते. ती 2011 नंतर बसली असेल अशी मला शंका होती. ओट्यावर शेंगा निवडत बसलेल्या आजींना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई बाबा, शिरगणतीला मास्तर आलं व्हतं की हितं. धाकटी नात तवा पाळण्यात व्हती." नात आता कॉलेजात जाते, म्हणजे वस्ती तेव्हाही होती. दक्षिणेची घरे 120 ठरली.

480 आणि 120 या प्रमाणात वाटले तर उत्तरेला 2,400 आणि दक्षिणेला 600 माणसे येतात. म्हणजे उत्तरेचा आकडा 900 वरून 1,636 आणि तेथून 2,400 झाला. गावातील 0 ते 6 वयाची मुले 420 धरली, तर नुसत्या क्षेत्रफळाने दक्षिणेला 294 मुले जातात आणि घरांच्या प्रमाणात 84. अंगणवाडी कोठे हवी हा प्रश्न असेल, तर पहिल्या आकड्यावर विसंबून ती रानात बांधावी लागली असती.

छपरांचा आकडाही अंतिम मानू नये. एका छपराखाली एक कुटुंब राहते की चार, हे त्यात कळत नाही, आणि भाड्याच्या खोल्या असलेली घरे उत्तरेलाच जास्त होती. दक्षिणेची घरे 100 ते 150 यांच्या दरम्यान धरून पाहिले, तर तेथील माणसे सुमारे 500 ते 700 येतात; आम्ही 600 लिहिले आणि शेजारच्या रकान्यात हा पल्लाही लिहिला. आणखी एक सावधगिरी म्हणजे साक्षरतेसारखी टक्केवारी अशी कधीही वाटू नये. आधी साक्षर माणसे आणि एकूण माणसे या दोन्ही संख्या वाटाव्यात आणि प्रभागाच्या बेरजा झाल्यावर भागाकार करावा. तरीही दोन्ही तुकड्यांत साक्षरतेचे प्रमाण सारखे होते हे गृहीतक त्यात उरतेच. वाडीवरच्या शेतमजुरांचे आणि गावठाणातील नोकरदारांचे प्रमाण एकच असेल, असे मला वाटत नाही.

रेषेचे पाहणेही राहून जाऊ नये. प्रभागाची सीमा शब्दांत वर्णन केलेली असते, आणि आमच्या संगणकावरील रेषा त्या वर्णनावरून कोणीतरी हाताने आखलेली होती. महामार्गाच्या मध्याऐवजी ती सेवारस्त्यावर पडली होती. 2 किलोमीटर लांबीवर 30 मीटर सरकली की 6 हेक्टर इकडचे तिकडे होतात, म्हणजे गावाच्या सरासरी घनतेने 45 माणसे. येथे त्या पट्ट्यात हॉटेले आणि पंक्चरची दुकाने होती, त्यामुळे काही बिघडले नाही. पण रेषा गावठाणातील गल्लीवरून जात असेल, तर तीच चूक शेकड्यांत जाईल. वर्णनात ओढा असेल, तर तो आज कोठून वाहतो ते पाहावेच. आमच्याकडच्या एका ओढ्याची जागा आता बंदिस्त नाल्याने घेतली आहे आणि तो दोन वळणे सोडून सरळ गेला आहे.

एवढा खटाटोप प्रत्येक गावासाठी करायचा का, असे सोबतच्यांनी परतताना विचारले. करू नये. जे गाव अखंड एका प्रभागात आहे, त्याच्या वाटणीत चूक होण्यासारखे काही नाही. दुभागलेल्या गावाबाबतही आधी हे पाहावे की प्रभागाच्या एकूण आकड्यात त्या तुकड्याचा वाटा किती. चार सदस्यांच्या प्रभागाची सरासरी लोकसंख्या सुमारे 84 हजार आहे, तेव्हा आमची 1,500 माणसांची चूक तेथे दोन टक्क्यांच्याही आत राहते आणि लोकसंख्येच्या नकाशावर तिचा रंगसुद्धा बदलत नाही. चूक बोचते ती तुकड्याचाच विचार करायचा असतो तेव्हा. त्यामुळे आम्ही आता प्रत्येक प्रभागापुढे दोन आकडे लिहितो: अखंड गावांतून आलेली लोकसंख्या आणि तुकड्यांतून आलेली. दुसरा आकडा मोठा असलेले प्रभागच फेरीच्या यादीत घ्यावेत.

प्रगणन गटांची, म्हणजे जनगणनेसाठी गावाचे जे छोटे भाग पाडले जातात त्यांची, यादी आणि त्यांचे नकाशे मिळत असतील, तर ही पद्धत बाजूला ठेवून तेच वापरावेत. प्रभागरचनाही त्याच गटांवरून केली जाते. जाताना 1:10,000 या प्रमाणात नकाशा छापून न्यावा, एवढ्या आकाराचे गाव ए-4 कागदावर बसते, आणि मोबाइलच्या पडद्यापेक्षा कागदावर लोक अधिक मोकळेपणाने बोट ठेवतात. काकांनी आमच्या नकाशावर बॉलपेनने खुणा करून दिल्या होत्या. त्यातल्या दोन वाड्या आमच्या कोणत्याच थरात नव्हत्या, आणि त्या पाहायला पुढच्या शनिवारी पुन्हा जायचे आहे.