परदेशी खरेदीदाराचा व्हेंडर फॉर्म आणि ‘काळ्या यादी’चा प्रश्न: माझा अनुभव

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत पंपाच्या केसिंगची बिडाची कास्टिंग मशिनिंग करून देणारी एक छोटी भागीदारी फर्म आहे. इंग्लंडमधल्या पंप कंपनीने त्यांचे नमुने पास केले आणि व्हेंडर रजिस्ट्रेशनचा फॉर्म पाठवला. निर्यातीची कागदपत्रं मी बघतो, म्हणून तो माझ्या टेबलावर आला. जीएसटी, आयईसी, बँकेचा तपशील सगळं भरलेलं होतं. मागच्या पानांवरच्या घोषणापत्रांत मात्र फर्मचे भागीदार अण्णा यांनी ओळीने ‘नाही’वर टिक करून खाली सही-शिक्का मारून ठेवला होता. “साहेब, ती नुसती फॉर्म्यालिटी आहे. आपण कुठं कुणाला फसवलंय?”

मी त्यांना एकच प्रश्न सावकाश वाचून दाखवला. गेल्या पाच वर्षांत फर्म, तिचे भागीदार किंवा संलग्न फर्म यांच्यापैकी कुणावर सरकारने, सरकारी कंपनीने किंवा आंतरराष्ट्रीय वित्तसंस्थेने बंदी घातली आहे का, काळ्या यादीत टाकलं आहे का, व्यवहार स्थगित केला आहे का? मग विचारलं, “घरातल्या कुणाला कधी हॉलिडे लिस्टवर टाकलं होतं का?”

अण्णा थांबले. धाकट्या भावाच्या स्वतंत्र फर्मला एका सरकारी कंपनीने वर्षभर हॉलिडेवर टाकलं होतं, म्हणजे तेवढा काळ नव्या ऑर्डरी देणं बंद केलं होतं. मुदत केव्हाच संपली होती, पण पाच वर्षं झाली नव्हती. “पण ती फर्म वेगळी, जीएसटी नंबर वेगळा!” नंबर वेगळा असला तरी भाऊ याही फर्ममध्ये चाळीस टक्क्यांचा भागीदार आहे. फॉर्मच्या शेवटी व्याख्या दिल्या होत्या. त्यानुसार समान मालकी असलेली फर्म ‘संलग्न’ धरायची होती. उत्तर ‘होय’च होतं.

“मग ऑर्डर गेली म्हणायची.” ही भीती खरी होती, म्हणून आधी खरेदीदार हे का विचारतो ते सांगितलं. त्याचे पंप वर्ल्ड बँकेच्या पैशातून होणाऱ्या पाणीयोजनांना जातात. अशा टेंडरच्या पत्रात बोली लावणाऱ्याला स्वतःबरोबर आपल्या पुरवठादारांबद्दलही लिहून द्यावं लागतं, की यांच्यापैकी कुणावर बँकेची बंदी नाही. म्हणजे तिकडे तो अण्णांच्या वतीने सही करत असतो. आपल्याकडच्या सरकारी कंपनीचा हॉलिडे म्हणजे वर्ल्ड बँकेची बंदी नव्हे, तेवढ्याने कुणी आपोआप बाद होत नाही. पण जाणूनबुजून किंवा बेफिकिरीने दिलेली खोटी माहिती बँकेच्या नियमांत फसवणूक धरली जाते. त्यावरून एक वर्षाहून जास्त बंदी बसली, तर 2010 च्या करारामुळे आशियाई विकास बँकेसारख्या इतर बँकाही ती लागू करतात. या फॉर्ममध्येही कलम होतं: माहिती खोटी निघाली तर भरपाई न देता सगळ्या ऑर्डरी रद्द.

भावाकडून हॉलिडेचं मूळ पत्र मागवलं. अशा पत्रात मी कारणाचा परिच्छेद आधी वाचतो. खोटं टेस्ट सर्टिफिकेट किंवा टेंडरमधलं संगनमत असं काही असतं, तर प्रकरण जड होतं. इथे दोन ऑर्डरींचा माल वेळेत दिला नाही, एवढंच होतं. ‘होय’वर टिक करून सोबत एक पान जोडलं: कुणी, केव्हा, कशासाठी, किती मुदतीसाठी, मुदत संपल्याची तारीख. मूळ पत्राची प्रत लावली आणि त्याच सरकारी कंपनीने नंतर भावाला दिलेली नवी ऑर्डरही लावली. सफाई द्यायला अण्णांना आणखी बरंच लिहायचं होतं, पण ते मी काढून टाकलं. वाचणाऱ्याला तारखा आणि कागद हवे असतात.

लाचेच्या कलमावर दुसरी अडचण आली. क्लिअरिंग एजंटच्या बिलात ‘किरकोळ खर्च’ अशी एक ओळ होती, पावती नव्हती. ब्रिटनच्या 2010 च्या लाचविरोधी कायद्यात काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या चिरीमिरीलाही सूट नाही. शिवाय आपल्या वतीने काम करणाऱ्याने लाच दिली, तर ती रोखायची पुरेशी व्यवस्था होती हे कंपनीलाच दाखवावं लागतं. म्हणून खरेदीदार पुरवठादारांकडून लिहून घेतो. अण्णांनी एजंटला फोन लावला: यापुढं पावतीशिवाय एक रुपयाही नाही. एजंट कुरकुरला, पण लेखी कबूल झाला. तोवर या कलमाखाली सही करू नका, असं मी बजावून ठेवलं होतं.

बाकीची कलमं भराभर झाली. संघर्षग्रस्त भागातल्या खनिजांचा प्रश्न बिडाच्या कास्टिंगला लागत नव्हता. गनमेटल असतं तर त्यातलं कथील कुठून आलं ते शोधावं लागलं असतं.

खरेदीदाराने भावाच्या फर्मचा या कामाशी संबंध असेल का, एवढंच विचारलं. नसेल, असं लिहून दिल्यावर नोंदणी झाली. अट एक: घोषणापत्रात काही बदललं तर 14 दिवसांत कळवायचं. त्यामुळे सरकारी कंपनीकडून नोटीस आली की उत्तर देण्याआधी तिची प्रत माझ्याकडे पाठवायची, असं दोन्ही भावांशी ठरवून घेतलं.