काचेआड आलेली वाफ: रामबागेतलं चावीचं घड्याळ

सध्या बेंचवर आहे ते रामबागेतल्या काकांचं चावीचं घड्याळ. सतरा ज्वेलचं, ॲक्रिलिक काचेचं, मागचं झाकण दाबून बसवायचं. इंदूरच्या पावसात स्कूटरवर भिजलं. त्यानंतर रोज सकाळी काचेच्या आतून धुरकट दिसायचं आणि दुपारी स्वच्छ. काकांचं म्हणणं, "अरे, उन्हात ठेवलं की जातं, मग कशाला उघडायचं?" घड्याळ माझ्याकडे आलं तेव्हा जुलै संपत आला होता.

ऊन लागल्यावर पाणी बाहेर जात नाही. त्याची वाफ होते, आणि ती घड्याळाच्या केसमध्येच, म्हणजे बाहेरच्या डबीतच, फिरून पुन्हा सर्वांत थंड जागी बसते. रात्री ती जागा काच असते, म्हणून निदान दिसते तरी. मूव्हमेंटच्या, म्हणजे आतल्या यंत्राच्या, पोलादी भागांवर बसली तर कुणाला कळतच नाही. त्यामुळे काच साफ झाली हे घड्याळ कोरडं झाल्याचं लक्षण धरू नये.

मात्र प्रत्येक धूसरपणा म्हणजे गळती नव्हे. पावसाळ्यात झाकण उघडून बंद केलं की खोलीतली दमट हवा आत राहते. हवा ३० अंशांची आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर सुमारे २६ अंशांखाली दव धरतं. एसीत गेल्यावर काचेवर पातळ पापुद्रा येणारच. पण तो अगदी थोड्या पाण्याचा असतो. केसमध्ये मोकळी हवा एक मिलिलिटर धरली, तर ३० अंशांना तिच्यात जास्तीत जास्त ३० मायक्रोग्रॅम वाफ मावते. एक घन मिलिमीटरचा थेंब म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. म्हणून काचेवर थेंब दिसले, किंवा घड्याळ मनगटावर असूनही धुकं टिकलं, तर पाणी बाहेरून आलंय असं समजून त्याच दिवशी झाकण काढावं.

शंका असेल तर घड्याळात पाणी शिरण्याबद्दलच्या ISO 22810 या मानकातली थेंबाची चाचणी घरीही जमते. घड्याळ ४० ते ४५ अंशांच्या पृष्ठभागावर दहा-वीस मिनिटं ठेवायचं, काचेवर १८ ते २५ अंशांच्या पाण्याचा थेंब टाकायचा आणि मिनिटाभराने पुसायचा. काकांच्या घड्याळात थेंबाखाली, काचेच्या आतल्या बाजूला, बारीक थेंबांची चकती उमटली. ही चाचणी फक्त आतली ओल दाखवते. गळती कुठून होते ते तिच्यातून कळत नाही.

ते कळलं चावी काढल्यावर. चावीच्या आतलं पाणी अडवणारं रबरी गॅस्केट कडक होऊन सपाट झालेलं, टाचणीने टोचल्यावर तुकडा पडला. मागच्या झाकणाची कड आणि काच दोन्ही ठीक होती. पावसात पाणी ओढलं जाण्याचं कारण असं: उन्हात केस ४० अंशांपर्यंत तापली आणि गार पावसाने २५ वर आली, की आतला दाब पाचेक टक्क्यांनी उतरतो. म्हणजे अर्धा मीटर पाण्याखाली धरल्याइतकी ओढ लागते, मग घड्याळ पाण्यात बुडवलेलं नसलं तरी काय!

नुकसान अपेक्षेप्रमाणे चावीच्या दांडीपाशी. ती दांडी, म्हणजे स्टेम, तपकिरी, आणि तिला धरून ठेवणाऱ्या सेटिंग लिव्हरवर गंजाचे ठिपके. गंजाची भुकटी तेलात मिसळली की पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची बारीक टोकं, घासले जातात, म्हणून अशा घड्याळाला मी चावी देऊन 'चालतंय का' ते बघत नाही. घड्याळाची लय सांभाळणारी हेअरस्प्रिंग भिंगाखाली स्वच्छ दिसली, हे नशीब. तिच्यावर ठिपके असते तर बदलावीच लागली असती.

काटे आणि डायल काढून मूव्हमेंट बरणीत सिलिका जेलसोबत ठेवली. तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला सगळे देतात, मला तो पटत नाही: बंद केसमधलं पाणी तांदूळ ओढत नाहीत, आणि उघड्या मूव्हमेंटवर पिठाची धूळ बसते. हेअर ड्रायरनेही वाफ आणखी आत ढकलली जाते, वर डायलचं लॅकर फुगण्याची भीती. नंतर पूर्ण सुटी करून साफसफाई, नवं तेल, नवा स्टेम. लिव्हरवरचा गंज फायबरग्लासच्या ब्रशने गेला, खड्डे मात्र राहिले.

चावीत नवं गॅस्केट बसवून त्यावर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. झाकण बंद केलं ते एसी बराच वेळ चालवून, खोलीतली हवा कोरडी झाल्यावर. थेंबाची चाचणी पुन्हा केली, काच स्वच्छ राहिली. दाबाची चाचणी करायचं मशीन माझ्याकडे नाही, ते सराफ्याजवळच्या घड्याळजींकडे आहे, तिथे जाणं बाकी आहे. चार वाजताच्या खुणेजवळ डायलवर पडलेला डाग गेला नाही. काका म्हणाले, "राहू दे, ओळखीचं दिसतं." आता डायल वर आणि डायल खाली अशा दोन्ही बाजूंनी ठेवून वेळ मोजून घेतोय, दर दिवशी पुढे किती जातं ते पुढच्या नोंदीत टाकीन.