ढवळ्या, पवळ्या आणि एक केळं

वडोदऱ्याच्या खंडेराव मार्केटातून आणलेले चिकू आत्या लगेच टोपलीत टाकत नाही. आधी एकेकाच्या सालीवर नखाने हलकेच ओरखडते. आत हिरवं दिसलं की फळ बाजूला. "कोवळंच उतरवलंय हे. याचं काहीही कर, सुरकुतेल पण पिकणार नाही." ओरखड्याखाली पिवळसर दिसलं आणि चीक फारसा आला नाही, तर चिकू तयार. असे चिकू कागदी पिशवीत जातात, त्यांच्या मधोमध ठिपके पडलेलं एक केळं बसतं आणि पिशवीचं तोंड दुमडून ती ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्यात ठेवली जाते. शेजारीण त्या केळ्याला 'वडोदऱ्याचा टाइमर' म्हणते.

पिकणारं केळं इथिलीन नावाचा वायू सोडत असतं. हवेच्या दहा लाख भागांत त्याचा एखादा भाग असला तरी पुरतो, आपल्या नाकाला पत्ताही लागत नाही. चिकूला मात्र ही वर्दीच असते. त्याच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं, गर मऊ पडतो, तुरटपणा जातो. गंमत पुढे आहे. जागा झालेला चिकू स्वतःही इथिलीन बनवू लागतो, त्याने शेजारचा जागा होतो. म्हणून काल दगड असलेली पिशवी आज सगळीच्या सगळी मऊ लागते आणि घरात कोणाला चिकू नको असतात.

प्लॅस्टिकची पिशवी आत्याला चालत नाही, आणि यात तिचं बरोबर आहे. त्यात वायू कोंडतो खरा, पण ओलही कोंडते, बुरशी येते, शिवाय पिकायला ऑक्सिजन लागतो तो संपत जातो. कागद थोडा श्वास घेऊ देतो. कच्चे चिकू फ्रिजमध्ये ठेवले तर गारव्यात हा सगळा कारभार थंडावतो.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. इथे मात्र वाणच लागतो. आंबा, पपई, पेरू, टोमॅटो ही तोडल्यावरही पिकणारी मंडळी, त्यांना केळ्याची संगत लागते. द्राक्षं, संत्री, डाळिंबं तोडली तेवढीच पिकलेली राहतात. आंबट द्राक्षांशेजारी केळ्यांचा अख्खा घड टांगला तरी ती आंबटच. कोथिंबिरीला तर ही संगत बाधते, पानं लवकर पिवळी पडतात. तरी आमच्याकडे जुडी केळ्यांशेजारी ठेवणारं कोणीतरी असतंच.

पिशवी रोज उघडून बघायची. देठाजवळ दाबून मऊ लागलेला चिकू आधी काढायचा, कारण तोही आता वायू सोडतोय. मग तो लगेच खा, नाहीतर फ्रिजमध्ये टाका.