सांगली ते पुणे: लाँग केस, पटेला आणि पावडरचा डबा

या वेळी फिजिओथेरपीच्या प्रॅक्टिकलचं सेंटर पुण्यात आलं. आम्ही चौघं रात्री साडेअकराच्या एसटीने सांगलीहून निघालो. गाडीत अभ्यास करू हा बेत कराडपर्यंतच टिकला. खंबाटकी घाट लागला तेव्हा सगळे झोपेत, आणि पाचच्या सुमाराला स्वारगेटला कंडक्टरने हाका मारून उठवलं. सकाळीच परीक्षा असेल तर आदल्या दिवशी दुपारीच निघा. पेशंटला साइड लाइंगला, म्हणजे कुशीवर, वळवताना आपलेच डोळे मिटत असतील तर काही खरं नाही.

मला आलेली लाँग केस अशी: वय ३४, गाडीवरून पडून पटेला म्हणजे गुडघ्याची वाटी फ्रॅक्चर, ती तारेने बांधायचं टेन्शन बँड वायरिंगचं ऑपरेशन, त्याला आज सात आठवडे झालेले. सर्जनने गुडघा हलवायला परवानगी दिलेली. मी पेशंटला पलंगाच्या कडेला बसवलं आणि गुडघा सरळ करायला सांगितलं. नव्वद अंशांत लोंबणारा पाय साठपर्यंत वर आला आणि तिथेच थरथरत थांबला.

“ताकदीचा ग्रेड?” परीक्षक मॅडमनी विचारलं.

“तीन, मॅडम. गुरुत्वाच्या विरुद्ध उचलला.”

“उचलला की पूर्ण सरळ केला?”

माझी चूक इथेच झाली. ग्रेड ३ म्हणजे सांध्यात जेवढी हालचाल शिल्लक आहे तेवढी सगळी, कोणाच्या मदतीशिवाय, गुरुत्वाच्या विरुद्ध. ती किती शिल्लक आहे हे आधी आपल्या हाताने पाय सरळ करून बघायचं असतं, आणि मी ते केलंच नव्हतं. गुडघाच आखडलेला असेल तर साठावर थांबलेला पायसुद्धा तीन ठरू शकतो. मॅडमनी हाताने पाय हलवायला लावला, तर तो आरामात सरळ झाला. म्हणजे सांधा मोकळा होता, कमी होती ती ताकद. नव्वदातले तीसच अंश, निम्म्याहूनही कमी. आम्ही शिकलेल्या पद्धतीत हे २+.

खात्रीसाठी साइड लाइंग, म्हणजे गुरुत्व आड येत नाही. तपासायचा पाय वर, पावडर बोर्डावर, घर्षण कमी व्हावं म्हणून खाली पावडर. बोर्ड होता, पावडर नव्हती. माझ्या मैत्रिणीच्या पिशवीतला टाल्कमचा डबा कामी आला. गुडघा पूर्ण सरळ झाला, पण एकदा पेशंटने मांडी आत फिरवून पाय नुसता सरकू दिला. तो क्वाड्रिसेप्सचा, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूचा, जोर नव्हे. म्हणून मांडी हाताने स्थिर धरा आणि नजर गुडघ्याच्या वरच्या स्नायूवर ठेवा.

मग मॅडमनी व्यायामाचे पर्याय दिले: नुसतं आयसोमेट्रिक म्हणजे सांधा न हलवता स्नायू आवळणं, पावडर बोर्डावर साइड लाइंगमध्ये एक्स्टेन्शन, घोट्याला एक किलोची वजनपिशवी, किंवा खोल बैठका. स्वतःचा पायच पूर्ण उचलत नाही, तर वर वजन कसलं बांधायचं? शिवाय क्वाड्रिसेप्स थेट पटेलालाच ओढतो, म्हणजे जोर लावला की ताण नेमका फ्रॅक्चरवर. बैठकांत तो आणखी वाढतो. आयसोमेट्रिक चालू राहील, पण एवढ्यावर थांबलं तर पेशंट पुढे सरकत नाही. उत्तर पावडर बोर्ड; सोबत बसून, आपल्या हाताच्या आधाराने गुडघा सरळ करणं.

मॅडमनी लगेच प्रश्न फिरवला. “हाच पेशंट, ऑपरेशननंतर दहावा दिवस. ग्रेड काढून दाखव.”

मी हात लावला नाही, आणि तेच बरोबर होतं. ग्रेड सांगतो स्नायूला काय जमेल; फ्रॅक्चरचा टप्पा सांगतो त्याला काय करू द्यायचं. ग्रेडचा मेडिकल रिसर्च कौन्सिलचा ० ते ५ हा मापक मुळात मज्जातंतूंच्या इजांसाठी आला. दुखत असलेल्या, ताज्या वायरिंगच्या गुडघ्यात पेशंट घाबरून जोरच लावत नाही, मग आकडा खोटा येतो, आणि रेझिस्टन्स देणं तर धोक्याचंच. तेव्हा गुडघा सरळ ठेवून क्वाड्रिसेप्स सेट्स आणि घोट्याची हालचाल, बस.

“आणि तिसरा महिना, एक्स-रेवर जुळलेलं, पूर्ण ग्रेड ३?” आता वजन. दहा वेळाच उचलता येईल असं वजन म्हणजे १० आरएम, समजा ४ किलो. डीलॉर्मच्या पद्धतीने दहा वेळा २ किलो, मग दहा वेळा ३, मग दहा वेळा ४. पण दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला किंवा लॅग, म्हणजे पाय स्वतःहून पूर्ण सरळ न होणं, परत दिसला तर वजन उतरवायचं.

पिशवीत सांध्याचा कोन मोजायचा गोनिओमीटर, मेजर टेप, छोटा टॉवेल आणि पावडर आपली आपण न्या. परतीच्या गाडीत सातारा ओलांडल्यावर मैत्रिणीला आठवलं की तिचा डबा तिथेच राहिला. पुढच्या वेळी कुणाचं सेंटर तिथे आलं तर बोर्डाशेजारी बघा.